दोनशे केबीत पावती बसवायची, पण त्यातला आकडा वाचता आला पाहिजे

सांगलीत विश्रामबागला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे. शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले की तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडची मुलं कॉलेज सुटल्यावर थेट दुकानातच येतात. त्यातलीच एक डिप्लोमाची मुलगी फोन पुढे करून म्हणाली, "दादा, फी भरल्याची पावती मागच्या वेळी फॉर्मनं घेतली होती. आता परत पाठवलीया, पावती वाचता येईना म्हणतात."

मी तिची फाइल उघडून बघितली. ३८ केबीची होती. फोनवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये तिनं 'सगळ्यात कमी साइज' असं बटण दाबलं होतं. फॉर्मची मर्यादा होती २०० केबी, म्हणजे अजून दीडशे केबीहून जास्त जागा मोकळी असताना तिनं स्वतःच्याच पावतीवर पाणी फिरवलं होतं. व्यवहार क्रमांकातला ३ कुठला आणि ८ कुठला ते मलाही कळेना. फॉर्मचं यंत्र फक्त केबी मोजतं. पावती वाचायला पुढे माणूस बसलेला असतो आणि त्याला तो १२ अंकी क्रमांक बँकेच्या नोंदीशी ताडून बघायचा असतो.

म्हणून या लेखात एकच गोष्ट सांगणार आहे. मोबाइलवर काढलेला पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट, फॉर्मला हवा आहे जेपीजी आणि जास्तीत जास्त २०० केबी, आणि आपल्याला त्यातलं प्रत्येक अक्षर वाचता येईल असं ठेवायचं आहे. हे एक जमलं की ५०० केबीचा फॉर्म असो की ईमेलची मर्यादा, बाकीचं त्यातूनच सुटतं.

स्क्रीनशॉट एवढा जड का होतो

त्या मुलीचा मूळ स्क्रीनशॉट तिच्या फोनमध्ये सुदैवानं शिल्लक होता. तो होता १.४ एमबीचा, रुंदी १०८० पिक्सेल, उंची २४०० पिक्सेल. गुणाकार केला तर २५ लाख ९२ हजार ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट लागतात, म्हणजे काहीही न दाबता ठेवला तर हा स्क्रीनशॉट पावणेआठ एमबीच्या आसपास जाईल. फोननं तो १.४ एमबीत बसवला, कारण तो पीएनजी प्रकारात ठेवला होता.

पीएनजीची पद्धत साधी आणि प्रामाणिक आहे. एका ओळीत हजार पांढरे ठिपके असतील तर ती हजार वेळा 'पांढरा' लिहीत बसत नाही, 'पांढरा, हजार वेळा' असं लिहून मोकळी होते. पुन्हा उघडल्यावर एकही ठिपका इकडचा तिकडे होत नाही. म्हणून पांढऱ्या पानावरची काळी अक्षरं पीएनजीत फार कमी जागा घेतात. पण पावतीच्या मागे निळ्यातून जांभळ्यात विरघळत जाणारा रंग असेल, किंवा खाली एखाद्या जाहिरातीचा फोटो असेल, तर शेजारशेजारचे ठिपके एकमेकांसारखे राहत नाहीत आणि थोडक्यात लिहायची सोय संपते. तिच्या स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही होतं. वर हिरवी चमकदार पट्टी, खाली कर्जाची जाहिरात आणि त्यात हसणारं कुटुंब. १.४ एमबीतला मोठा हिस्सा त्या कुटुंबाचाच होता. पावतीचा मजकूर तसा हलका होता.

जेपीजीची रीत वेगळी. ती चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक फरक कमीजास्त प्रमाणात टाकून देते. बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेड-अंधारापेक्षाही जास्त पातळ करते. फोटोत, म्हणजे झाडं, चेहरे, आभाळ असलं तर डोळ्याला हे जाणवत नाही. पण अक्षराची कड म्हणजे काळ्यावरून एकदम पांढऱ्यावर उडी. ती उडी जेपीजीला नीट मांडता येत नाही, म्हणून अक्षराभोवती धुरकट ठिपक्यांची झालर दिसू लागते. लाल पट्टीवरची पांढरी अक्षरं किंवा निळ्यावरची लाल अक्षरं तर सगळ्यात आधी बिघडतात.

फॉर्म जेपीजीच मागत असेल तर त्याला इलाज नाही. पण हे माहीत असलं की आपण दाबण्याचं काम सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी करतो. आधी नको असलेला भाग कापायचा, मग चित्राची रुंदी कमी करायची, आणि तरीही जास्त झालं तर दर्जा थोडा उतरवायचा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात, आणि त्या मुलीच्या ॲपनंही तेच केलं होतं.

काम सुरू होतं स्क्रीनशॉट काढतानाच

पैसे गेल्या गेल्या जो पडदा येतो त्याचा स्क्रीनशॉट काढू नका. त्यावर हलती चित्रं असतात, चमकणारा टिकमार्क असतो, बक्षिसाचं कार्ड असतं. दोन मिनिटं थांबा, ॲपमधली व्यवहारांची यादी उघडा आणि त्यातून तोच व्यवहार पुन्हा उघडा. तिथलं पान बहुतेक वेळा साधं पांढरं असतं आणि व्यवहार क्रमांक पूर्ण दिसतो. कित्येकदा या पानाचा स्क्रीनशॉट मुळातच दोनशे-अडीचशे केबीचा निघतो आणि निम्मं काम तिथंच संपतं. त्याच पानावर पावती डाउनलोड करायची सोय असेल आणि फॉर्म पीडीएफ घेत असेल, तर स्क्रीनशॉटच्या भानगडीत पडायलाच नको. त्या पीडीएफमध्ये मजकूर अक्षरं म्हणूनच साठवलेला असेल, तर ती फाइल लहानही असते आणि कितीही मोठी करून बघितली तरी फाटत नाही.

फोन काळ्या पडद्यावर म्हणजे डार्क मोडवर असेल तर तेवढ्यापुरता तो बंद करा. केबीसाठी नाही, पडताळणीच्या वेळी कुणी ती पावती छापली तर काळ्या कागदावरची राखाडी अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून.

पुढची गोष्ट बारीक आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या बिघडलेल्या पावत्यांमधल्या पुष्कळशा इथंच बिघडलेल्या असतात. फोनमधून कॉम्प्युटरवर नेण्यासाठी स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला, की व्हॉट्सॲप स्वतःच तो लहान करून जेपीजी बनवतं. म्हणजे आपण हात लावायच्या आधीच एक थर निघून गेलेला असतो. पाठवायचाच असेल तर चित्राच्या बटणावरून न पाठवता Document निवडून पाठवा, मग फाइल जशीच्या तशी जाते. केबल असेल तर आणखी चांगलं. दुकानात मी समोर केबलच ठेवलेली असते.

आता कॉम्प्युटरवर, पायरीपायरीनं

विंडोजमधला पेंट सगळ्यांकडे असतो, म्हणून त्यावरच दाखवतो.

१. मूळ फाइलची एक प्रत काढा आणि काम प्रतीवर करा. मूळ फाइल फॉर्म मंजूर होईपर्यंत पुसायची नाही. त्या मुलीनं ती पुसली असती तर पुढचं काहीच करता आलं नसतं.

२. प्रत पेंटमध्ये उघडा. Select घेऊन पावतीभोवती चौकट ओढा आणि Crop दाबा. चौकटीत काय राहिलं पाहिजे ते आधी बोटावर मोजा. रक्कम, तारीख आणि वेळ, व्यवहार क्रमांक, कुणी भरले, कुणाला भरले, आणि व्यवहार यशस्वी झाल्याची ओळ. बाकी सगळं जाऊ दे. वरची बॅटरी आणि मेसेजच्या खुणा, खालची जाहिरात, 'शेअर करा'ची बटणं, आणि खात्यातली शिल्लक दिसत असेल तर ती तर नक्कीच. पण मधलाच एखादा भाग रंगानं झाकू नका. पावतीवर खाडाखोड दिसली की तपासणारा शंका घेणार, आणि त्याचं चुकत नाही.

त्या मुलीचा स्क्रीनशॉट कापल्यावर १०८० गुणिले १३२० उरला. ठिपके २५ लाख ९२ हजारांवरून १४ लाख २५ हजार ६०० वर आले आणि अक्षराच्या एका कडेलाही धक्का लागला नाही. कापण्याचा हाच मोठा फायदा आहे. त्यात जे उरतं ते अगदी पहिल्याइतकंच स्पष्ट असतं.

३. इथं लगेच सेव्ह करून बघायचं. F12 दाबलं की Save as उघडतं. त्यात प्रकार JPEG निवडा आणि फाइलला साधं नाव द्या, `pavti.jpg` असं. फोननं दिलेल्या लांबलचक नावात कधी कंस, कधी मोकळ्या जागा असतात आणि काही फॉर्म त्यावरच अडतात. मग चूक नावाची असते आणि आपण केबी कमी करत बसतो.

आमची फाइल झाली १९८ केबी. मुलगी खूश झाली. म्हणाली, "बसली की दादा!" फाइल चढवली आणि फॉर्मनं नाकारली. मर्यादेपेक्षा मोठी आहे म्हणे.

इथं थोडं थांबावं लागतं, कारण हा घोळ पुष्कळांना छळतो आणि तो दिसत नाही. विंडोज १ केबी म्हणजे १०२४ बाइट धरतं. काही फॉर्म १ केबी म्हणजे सरळ १००० बाइट धरतात. त्यांच्या लेखी २०० केबी म्हणजे २ लाख बाइट. आपली १९८ केबीची फाइल म्हणजे १९८ गुणिले १०२४, म्हणजे २ लाख २ हजारांच्या वर. विंडोजच्या हिशेबानं आत, फॉर्मच्या हिशेबानं बाहेर. खात्री करायची असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून Properties उघडा. तिथं Size समोर कंसात पूर्ण बाइट लिहिलेले असतात. त्याच्या खालची Size on disk ही ओळ सोडून द्या, तिचा फॉर्मशी संबंध नाही. मी एक सवयच लावून घेतली आहे. मर्यादा २०० असेल तर विंडोजमध्ये १९० च्या खाली आल्याशिवाय फाइल चढवायचीच नाही. ५०० असेल तर ४७५.

४. आता रुंदी. पुन्हा कापलेल्या पीएनजीवर या, आत्ता केलेल्या जेपीजीवर नाही. जेपीजी उघडून पुन्हा जेपीजी केली की चौकोनांवर पुन्हा चौकोन पडतात आणि प्रत्येक फेरीत अक्षर मळत जातं. (म्हणून कापल्यावर ती प्रत पीएनजी म्हणूनही एकदा सेव्ह करून ठेवलेली बरी.) पेंटमध्ये `Ctrl+W` दाबा, Pixels निवडा, Maintain aspect ratio वर खूण आहे ना ते बघा, नाहीतर पावती चपटी होईल. Horizontal मध्ये ९०० लिहा. उंची आपोआप ११०० होते.

ठिपके आता ९ लाख ९० हजार झाले, म्हणजे मूळच्या चाळीस टक्क्यांच्याही आत. पुन्हा जेपीजी सेव्ह केली तर फाइल १५० केबीच्या जरा खाली आली. या वेळी फॉर्मनं पहिल्या झटक्यात घेतली.

किती लहान केलं तर चालतं

इथं कुणी ठरलेला आकडा सांगितला तर विश्वास ठेवू नका, कारण तो फोनच्या अक्षरांवर अवलंबून असतो. पण एक माप वापरता येतं. १०८० रुंदीच्या पडद्यावर पावतीतला अंक साधारण ३० पिक्सेल उंच असतो. रुंदी ९०० केली तर तो २५ होतो, ७२० केली तर २०. वीसपर्यंत अंक आरामात वाचता येतो. पंधराच्या आसपास डोळे बारीक करावे लागतात. दहा-बाराच्या खाली ३, ६ आणि ८ एकमेकांत मिसळतात. ३८ केबीच्या त्या फाइलमध्ये नेमकं हेच झालं होतं. ॲपनं रुंदी ३६० वर आणली होती आणि वर दर्जाही पाडला होता.

पावती मराठीत असेल तर आणखी सांभाळा. इंग्रजी अक्षर उभ्या-आडव्या रेघांवर तगून जातं. आपल्याकडे अनुस्वार हा एक ठिपका आहे आणि रेफ ही एक बारीक आकडी. लहान करताना आधी तेच विरघळतात. 'शिंदे'चा 'शिदे' होतो आणि नाव आधारशी जुळत नाही म्हणून अर्ज मागे येतो. मराठी मजकुरासाठी मी रुंदी ८०० च्या खाली सहसा नेत नाही.

तपासायची रीत एकच आणि ती टाळू नका. तयार झालेली फाइल उघडा, शंभर टक्क्यांवर ठेवा, आणि व्यवहार क्रमांक मोठ्यानं वाचा. शेजारच्याला मूळ स्क्रीनशॉट हातात धरायला सांगा आणि अंकाला अंक जुळतो का ते बघायला सांगा. वाचताना एका जरी अंकाला अडखळलात तर ती फाइल पाठवायची नाही. काउंटरवर मी हे काम त्या मुलीलाच करायला लावलं. तिनं बाराच्या बारा अंक न थांबता वाचले, तेव्हाच आम्ही फाइल चढवली.

पेंटमध्ये न जमणारं एक काम

पेंट जेपीजीचा दर्जा विचारत नाही. तो स्वतःच ठरवतो. त्यामुळे रुंदी आणखी कमी करायची नाही, पण दहा-वीस केबी छाटायचे आहेत, अशा वेळी पेंट हात टेकतो. विंडोज ११ च्या Photos मध्ये चित्र उघडून वरच्या तीन टिंबांत Resize image असतं. तिथं रुंदीबरोबर Quality ची पट्टीही मिळते, आणि पट्टी सरकवताना नवीन फाइल किती केबीची होईल ते आधीच दिसतं.

माझ्या जास्त आवडीची जागा मात्र `squoosh.app`. गूगलच्या क्रोमच्या मंडळींनी बनवलेलं हे साधन ब्राउझरमध्येच चालतं. चित्र तुमच्या मशीनवरच लहान होतं, कुणाच्या सर्व्हरवर चढत नाही. बँकेच्या पावतीसाठी मला हे फार महत्त्वाचं वाटतं. 'फोटो लहान करा' असं शोधल्यावर येणाऱ्या कुठल्याही साइटवर मी गिऱ्हाइकाची पावती टाकत नाही. ती तिथं किती दिवस राहणार ते आपल्याला कळायला मार्ग नसतो. शिवाय हे फोनच्या क्रोममध्येही चालतं, म्हणजे कॉम्प्युटर नसलेल्यांचं कामही होतं. आधी फोनच्या गॅलरीतच चित्र कापून घ्या, मग ते इथं उघडा. Resize चालू करून रुंदी लिहा, खाली Compress मध्ये MozJPEG निवडा आणि Quality ७५ च्या आसपास ठेवून बघा. एका बाजूला मूळ, दुसऱ्या बाजूला नवं, आणि मधली रेघ सरकवली की अक्षर कुठं मळतंय ते लगेच दिसतं. मजकुराच्या चित्राला मी ६० च्या खाली जात नाही. तिथून पुढे केबी फारसे वाचत नाहीत आणि झालर मात्र झपाट्यानं वाढते. ६० वर आणूनही बसत नसेल तर दर्जा परत ७५ वर न्या आणि रुंदी पन्नास-पन्नासनं उतरवा.

फॉर्म पीएनजी घेत असेल तर इथंच एक जास्त चांगला मार्ग आहे. Reduce palette चालू करा आणि प्रकार OxiPNG ठेवा. पीएनजीत लाखो रंगांची सोय असते, पण पावतीत खरे रंग असतात मोजके. पांढरा, काळा, एखादा हिरवा आणि त्यांच्या कडांच्या थोड्या छटा. रंग ६४ वर आणले तरी अक्षरांत फरक जाणवत नाही, झालर तर येतच नाही, आणि फाइल पुष्कळदा मूळच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत खाली येते. मात्र जाहिरातीचा फोटो तसाच ठेवला असेल तर त्याचे पट्टे पडलेले दिसतील. तो आधीच कापलेला असला पाहिजे.

ज्यांना माझ्यासारख्या दिवसाला वीस-पंचवीस पावत्या करायच्या असतात त्यांच्यासाठी `ImageMagick` आहे. ते एकदा बसवून घ्यावं लागतं. मग कापलेल्या पीएनजीवर एवढी एक ओळ पुरते:

```
magick pavti.png -resize 900x -define jpeg:extent=180KB pavti.jpg
```

रुंदी ९०० करून १८० केबीच्या आत बसेल असा दर्जा ते स्वतः शोधतं. सोपं आहे, पण आकडा फार लहान दिला तर दर्जा तळाला नेऊनही ते काम करून टाकेल, तक्रार करणार नाही. म्हणून क्रमांक मोठ्यानं वाचायचं काम इथंही सुटत नाही.

फाइल लहान झाली तरी फॉर्म नाही म्हणतो तेव्हा

पहिलं कारण नाव बदलून फसवण्याचं. `pavti.png` चं नाव हातानं `pavti.jpg` केलं की ती जेपीजी होत नाही. फाइलचा प्रकार तिच्या पहिल्या काही बाइटमध्येच कोरलेला असतो आणि चांगला फॉर्म तो वाचून बघतो. फाइल उघडून Save as केल्याशिवाय प्रकार बदलत नाही. विंडोज शेवटचा भाग लपवत असेल तर तुमच्या फाइलचं नाव नकळत `pavti.jpg.png` झालेलं असू शकतं. विंडोज ११ मध्ये View, मग Show, मग File name extensions वर खूण केली की खरं नाव दिसतं.

दुसरं कारण ऐकून लोक चकित होतात. फाइल फार लहान झालेली असते. काही फॉर्म कमीत कमी आकारही सांगतात. ७५ ते ५०० केबी लिहिलं असेल आणि तुमची ६० ची असेल तर ती नाकारली जाईल. अशा वेळी लहान केलेलीच फाइल ताणून मोठी करू नका. कापलेल्या पीएनजीवर परत या आणि रुंदी जास्त ठेवून किंवा दर्जा चढवून नवी जेपीजी काढा. केबी वाढतात आणि त्याबरोबर खरी स्पष्टताही वाढते.

आणि एक गैरसमज. काही सूचनांत '२०० डीपीआय' लिहिलेलं असतं. डीपीआय म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याची नोंद. स्कॅनरवर कागद ठेवताना तिला अर्थ असतो, कारण ती वाढवली की स्कॅनर खरोखरच जास्त ठिपके घेतो. तयार स्क्रीनशॉटमध्ये ठिपके आधीच ठरलेले असतात. नुसती ती नोंद ३०० ची ७२ केली तर फाइलचा आकार हलत नाही. त्यात वेळ घालवू नका.

कापूनही केबी अजिबात कमी झाले नाहीत, तर मात्र सावध व्हा. मार्च २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या चित्र कापायच्या साधनात आणि विंडोजच्या स्निपिंग टूलमध्ये असा दोष उघड झाला होता की जुन्या फाइलवरच सेव्ह केलं तर कापलेल्या भागाची माहिती फाइलच्या शेपटीत तशीच उरायची आणि काही वेळा ती परतही मिळवता यायची. तो दोष दुरुस्त झाला आहे, पण अपडेट न केलेले जुने फोन अजून वापरात आहेत. कापलेलं चित्र नेहमी नव्या नावानं सेव्ह करा, म्हणजे हा प्रश्न येत नाही.

ईमेलचं थोडक्यात

ईमेलवर एका पावतीचा कधी प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो तक्रारीसोबत पंधरा-वीस स्क्रीनशॉट जोडताना. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, तिच्यावर गेलं की ते फाइल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवतं. समोरच्या कार्यालयाची मर्यादा मात्र त्याहून बरीच कमी असू शकते. ती १० एमबी सांगितली असेल तर दहा एमबीच्या फाइल जोडू नका. ईमेलमधून जाताना जोडपत्राचं रूपांतर साध्या अक्षरांत होतं आणि तीन बाइटचे चार होतात, म्हणजे वजन एक तृतीयांशानं वाढतं. दहाच्या मर्यादेत सात एमबीपर्यंतच सामान भरायचं.

इथं जेपीजीची सक्ती नसते, म्हणून प्रत्येक स्क्रीनशॉट कापून, रंग कमी केलेला पीएनजी करून जोडा. वीस स्क्रीनशॉट दोनशे-दोनशे केबीचे झाले तरी चार एमबी होतात आणि एका मेलमध्ये जातात. नावं `01.png`, `02.png` अशी क्रमानं द्या आणि मेलमध्ये कुठल्या क्रमांकात काय आहे ते एकेका ओळीत लिहा. वर्डमध्ये सगळे चिकटवून पाठवायची पद्धत मी सोडून दिली. फाइल सेव्ह करताना वर्ड चित्रं स्वतःच्या मर्जीनं दाबतो आणि कुठल्या पानावरचा आकडा मळला ते आपल्या लक्षात येत नाही.

त्या मुलीची फाइल चढल्यावर मी तिच्या फोनमध्ये एक फोल्डर करून दिला. त्यात मूळ पीएनजी, कापलेली पीएनजी आणि चढवलेली जेपीजी अशा तीन फाइल ठेवल्या. पुढच्या सत्राच्या फीची पावती तिनं घरीच फोनवर केली आणि मला फक्त दाखवायला पाठवली, Document म्हणून. रुंदी ९००, १४१ केबी. मी क्रमांक वाचून तिला परत लिहून पाठवला. तिचा एका शब्दाचा निरोप आला, "बरोबर".